प्रत्येक प्रसंगात तीच ब्रेना

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आणला. टेबलाभोवती बसून खेळायच्या या प्रकारच्या खेळांचा गाभा तेव्हापासून फारसा बदललेला नाही. एक जण कथा चालवतो, त्याला डन्जन मास्टर म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि त्या पात्राच्या वतीने बोलतात, लढतात, चुकतात. पात्राची ताकद, कसब आणि सामानसुमान एका कागदावर नोंदलेलं असतं. पाचव्या आवृत्तीच्या कागदावर तर पात्राच्या रूपासाठी वेगळी चौकटच आहे.

हल्ली ती चौकट भरायला अनेक खेळाडू चित्र काढणाऱ्या एआय साधनांकडे वळतात. पहिलं चित्र बहुतेकदा मनासारखं निघतं. अडचण सुरू होते ती दुसऱ्या चित्रापासून. एक कथा महिनोन्‌महिने चालते आणि पात्र कधी सरायखान्यात, कधी बर्फाळ खिंडीत, कधी भुयारात जातं. प्रत्येक ठिकाणचं चित्र मागितलं, की चेहरा थोडा वेगळा येतो, झग्याचा रंग बदलतो, एका पात्याच्या कुऱ्हाडीला दोन पाती फुटतात.

याचं कारण साधनाच्या कामाच्या पद्धतीत आहे. स्टेबल डिफ्युजन, मिडजर्नी यांसारखी साधनं ठिपक्यांच्या निव्वळ गोंधळापासून सुरुवात करतात आणि टप्प्याटप्प्याने तो गोंधळ निवळत प्रॉम्प्टमधल्या शब्दांच्या दिशेने चित्र आणतात. आधीचं चित्र सोबत दिलं नाही, तर त्यांना त्याची काहीही आठवण नसते. म्हणून शब्दांनी जे सांगितलेलं नाही, ते दर वेळी नव्याने ठरतं.

सुरुवातीच्या गोंधळाला एक क्रमांक असतो, त्याला सीड म्हणतात. सीड कायम ठेवला की पात्रही कायम राहतं, असा समज खूप पसरलेला आहे. तो अर्धाच खरा आहे. सीड आणि प्रॉम्प्ट दोन्ही तेच ठेवले, साधन आणि त्याची मांडणीही बदलली नाही, तर जवळपास तेच चित्र येतं. प्रसंगाचे शब्द बदलले, की सीडमुळे फार तर मांडणी सारखी राहते, म्हणजे माणूस चौकटीत कुठे उभा आहे एवढंच. त्याच्या अंगावर काय आहे, हे सीड सांभाळत नाही.

एक उदाहरण तपशिलात पाहू. ब्रेना नावाचं पात्र आहे, पन्नाशीची, डोंगराळ सीमेवर पहारा देणारी. तिचे कपडे, शस्त्र आणि चेहऱ्यावरचा भाव सगळ्या प्रसंगांत तोच हवा. त्यासाठी प्रॉम्प्टचे दोन भाग करायचे. पहिला भाग पात्राचा, तो एकदा लिहिला की त्यातला स्वल्पविरामही हलवायचा नाही. दुसरा भाग प्रसंगाचा, तो दर वेळी बदलतो. ही साधनं बहुतांशी इंग्रजी मजकुरावर शिकलेली असल्याने प्रॉम्प्ट इंग्रजीतच चांगला चालतो.

```
woman about 50, broad face, short grey braid,
closed mouth, level brows, steady gaze,
moss-green wool cloak, hood down, round bronze clasp,
plain brown leather jerkin,
single-bladed hand axe, ash-wood handle
```

या ओळींत ब्रेना शूर आहे, कडवट आहे, तिने दुःख पाहिलंय, असं काहीही नाही. ते मुद्दाम टाळलं आहे. भावनेचा शब्द एकटा येत नाही. ‘ग्रिम’ लिहिलं की भुवया आक्रसतात, पण त्यासोबत अंधार, जखमा आणि काळे कपडेही येतात, कारण साधनाने तो शब्द ज्या चित्रांबरोबर पाहिला त्यांत ते सगळं होतं. भाव कायम ठेवायचा तर तो स्नायूंच्या भाषेत लिहावा लागतो: ओठ मिटलेले, भुवया सरळ, नजर स्थिर. हे तीनही मुद्दे तयार चित्रात तपासता येतात. ‘करारी’पणा तपासता येत नाही.

कपड्यांचंही तसंच. रंग, कापड आणि वस्तू एकत्र बांधून लिहायची, आणि रंग थोडे ठेवायचे. हिरवा झगा, लाल गळपट्टा, निळी बंडी, पिवळा कमरपट्टा असं लिहिलं तर रंग एकमेकांच्या जागा घेतात. गळपट्टा हिरवा होतो आणि झग्याला लाल काठ येतो. ब्रेनाला हिरवा, तपकिरी आणि कांस्याचा असे तीनच रंग दिले आहेत. लांबीलाही मर्यादा आहे. स्टेबल डिफ्युजनच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत मजकूर वाचणारा भाग एका वेळी ७७ टोकन, म्हणजे शब्द किंवा शब्दांचे तुकडे, एवढेच घेतो. नवी मॉडेल्स लांब वाक्यं वाचतात, तरी मोजक्या खुणा अधिक टिकतात.

शस्त्राच्या बाबतीत नावापेक्षा आकार महत्त्वाचा. नुसतं ‘अ‍ॅक्स’ लिहिलं तर कल्पनारम्य चित्रांच्या सवयीने दुधारी, प्रचंड कुऱ्हाड येण्याची शक्यता मोठी, म्हणून ‘सिंगल-ब्लेडेड’ आणि ‘हँड’ हे दोन्ही शब्द हवेत. दांडपट्टा आपल्या पात्राला द्यावा असं मराठी खेळाडूला वाटणं स्वाभाविक आहे, पण तिथे हीच अडचण वाढते. दुर्मीळ शस्त्राचं फक्त नाव दिलं तर साधारण तलवारच मिळण्याचा संभव जास्त. कोपरापर्यंत हात झाकणारं धातूचं कवच आणि त्यातून सरळ पुढे निघालेलं लांब, लवचीक पातं, असं वर्णन द्यावं लागतं. तेही पुरेसं न पडल्यास खऱ्या दांडपट्ट्याचं छायाचित्र सोबत जोडावं.

आता प्रसंग. ब्रेना बर्फाच्या खिंडीत उभी आहे.

```
standing in a snowy mountain pass, axe held low in one hand,
overcast daylight, waist up
```

इथेच कामाची सर्वांत अवघड जागा आहे: प्रसंगाचे शब्द पात्राला ओढतात. बर्फ म्हटलं की साधन झग्याला केसाळ कॉलर लावतं आणि टोपडं डोक्यावर चढवतं. सरायखाना म्हटलं की ब्रेना हसू लागते, हातातली कुऱ्हाड जाऊन तिथे पेला येतो. लढाई म्हटलं की तोंड उघडतं आणि किंकाळी फुटते. यावरचा उपाय म्हणजे प्रसंगाच्या भागात वातावरणाचे शब्द कमी आणि जागा, देहाची ठेवण व उजेड यांचे जास्त. ‘भीषण लढाई’ न लिहिता ‘एक पाऊल पुढे, कुऱ्हाड खांद्याच्या उंचीवर’ असं लिहायचं. नकाराबद्दलही सावध राहावं. ‘शिरस्त्राण नको’ असं मुख्य वाक्यात लिहिलं तर शिरस्त्राणच उगवण्याचा धोका असतो, कारण शब्द तर तिथे आलाच. ‘डोकं उघडं, वेणी दिसते आहे’ असं सरळ सांगावं. नको असलेली गोष्ट लिहायचीच, तर तिच्यासाठी असलेल्या वेगळ्या रकान्यात लिहावी. मिडजर्नीत त्यासाठी `--no` वापरतात.

तरीही शब्दांनी चेहरा पूर्ण बांधता येत नाही. ‘रुंद चेहरा, राखाडी वेणी’ या वर्णनात हजारो बायका बसतात. म्हणून दुसरा आधार लागतो तो संदर्भचित्राचा. पहिल्या बैठकीत प्रसंगाचा भाग बाजूला ठेवून, साध्या करड्या पार्श्वभूमीवर, सपाट उजेडात ब्रेनाची बरीच चित्रं काढायची आणि त्यांतलं एक निवडायचं. कुऱ्हाड, पदक आणि दोन्ही हात स्पष्ट दिसतील असंच निवडावं. सर्वांत देखणं चित्र अनेकदा या कामाला निरुपयोगी असतं, कारण त्यात अर्धा झगा सावलीत गेलेला असतो. मिडजर्नीने पात्राचं संदर्भचित्र जोडण्याची सोय मार्च २०२४ मध्ये `--cref` या नावाने आणली. तिच्यासोबतचं `--cw` शंभरवर ठेवलं तर चेहरा, केस आणि कपडे तिन्ही घेतले जातात. शून्यावर आणलं तर फक्त चेहरा. कपडे कायम हवे असतील तर ते शंभरवरच ठेवायचं. सातव्या आवृत्तीत हे काम `--oref` करतं आणि त्याचा जोर `--ow` ने ठरतो. जोर फार वाढवला तर संदर्भातली उभं राहण्याची तऱ्हाही चिकटून येते आणि ब्रेना खिंडीतही फोटो काढायला उभी राहिल्यासारखी दिसते.

संदर्भ नेहमी त्या मूळ चित्राचाच द्यावा. खिंडीतल्या चित्रावरून भुयाराचं, भुयाराच्या चित्रावरून दरबाराचं अशी साखळी केली, तर प्रत्येक पायरीवरची बारीक चूक पुढच्या पायरीत मुरते आणि काही चित्रांनी ब्रेना ओळखू येत नाही.

पूर्णाकृती चित्रात भाव हरवतो, त्यामागे एक नेमकं कारण आहे. स्टेबल डिफ्युजन थेट पिक्सेलांवर काम करत नाही. चित्राची लांबी आणि रुंदी प्रत्येकी आठपट लहान करून त्या आवृत्तीवर ते काम करतं. १०२४ पिक्सेलच्या चित्रात पूर्ण उभ्या माणसाचा चेहरा ६४ पिक्सेलचा असला, तर साधनाच्या हाती त्या चेहऱ्यासाठी आठ बाय आठ एवढ्याच चौकटी उरतात. तेवढ्यात मिटलेले ओठ आणि सरळ भुवया कशा मावणार? कमरेपर्यंतचं चित्र म्हणूनच सोयीचं. पूर्णाकृती हवंच असेल तर आधी चित्र काढून, नंतर फक्त चेहऱ्याचा भाग निवडून तो मोठ्या आकारात पुन्हा रंगवून घ्यायचा. याला इनपेंटिंग म्हणतात. त्या वेळी प्रॉम्प्टमध्ये फक्त चेहऱ्याच्या दोन ओळी ठेवायच्या आणि बदलाचं प्रमाण ०.४ च्या आसपासपासून सुरू करून पाहायचं. ते फार वाढवलं की नवा माणूस येतो.

तयार चित्रं एकेकटी पाहिली तर चुका दिसत नाहीत. मूळ चित्राशेजारी ठेवून पाहावं: कुऱ्हाडीला पाती किती, पदक गोल आहे का, टोपडं खाली आहे का, ओठ मिटलेले आहेत का. मशालीच्या उजेडात हिरवा झगा पिवळट दिसला तर ती चूक नाही. उजेडामुळे रंग बदलला असेल तर त्वचा, चामडं आणि दगड सगळेच एकसाथ पिवळटतात. फक्त झगाच बदलला असेल तर तो साधनाने बदललेला आहे. डावं-उजवं मात्र शब्दांत सांगून क्वचितच जमतं. व्रण डाव्या गालावर लिहिला तरी तो कधी इकडे, कधी तिकडे येतो. ब्रेनाला व्रण दिलेला नाही आणि पदक गळ्याच्या मध्यभागी आहे, त्याचं कारण हेच. चित्र चुकून आरशातल्यासारखं उलटं आलं तरी तिचं काही बिघडत नाही.

हे सगळं घरच्या टेबलापुरतं. छापील पुस्तकाचा प्रश्न वेगळा आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या राक्षसांवरच्या एका पुस्तकातल्या काही चित्रांत एआयची मदत घेतल्याचं उघड झालं आणि प्रकाशक विझर्ड्स ऑफ द कोस्टने चित्रकारांना ते करण्यास मनाई केली. स्वतःचं साहस विकायला काढणाऱ्याने चित्रकाराला काम द्यावं हेच रास्त, आणि वरच्या पाच ओळी त्या चित्रकारालाही तितक्याच उपयोगी पडतात.

कथा वर्षभर चालणार असेल तर तिसरा मार्ग आहे तो लोरा नावाच्या छोट्या पूरक मॉडेलचा. ब्रेनाची पंधरा-वीस चांगली चित्रं देऊन ते शिकवता येतं. प्रत्येक चित्रासोबत एक ओळ लिहावी लागते आणि सगळी मेख त्या ओळीत आहे. ओळीत जे लिहिलं जातं, ते पुढे बदलता येतं. जे लिहिलेलं नाही, ते पात्राच्या नावाशी जोडलं जातं. त्यामुळे तिथे पार्श्वभूमी, उजेड आणि देहाची ठेवण लिहायची. झगा, पदक, कुऱ्हाड आणि मिटलेले ओठ यांचा उल्लेखही करायचा नाही. पंधराही चित्रांत मागे एकच करडी भिंत असेल आणि तीही लिहायची राहिली, तर ती भिंत पुढे ब्रेनाबरोबर भुयारातही येते.