बारा लाख कोणते? खर्चीवाल्याच्या हिशेबाचा एक धडा

'बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही' हे वाक्य २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर इचलकरंजीच्या बाजारात ज्याच्या त्याच्या तोंडी झाले. हे बारा लाख कोणते, असे विचारणारे मात्र थोडे. कोणी ते वर्षाच्या बिलांशी लावतो, कोणी बँकेत जमा झालेल्या रकमेशी. येथील तरुण मागवाल्यांसाठी आम्ही जो हिशेबाचा वर्ग घेतो, त्यात या प्रश्नावर एक उदाहरण फळ्यावर सोडवले होते. तेच वाचकांपुढे ठेवीत आहोत. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, रीत मात्र खरी आहे. करांचे दर आर्थिक वर्ष २०२५-२६ चे व नव्या करपद्धतीचे आहेत. दुसऱ्या वर्षाचा हिशेब करताना त्या वर्षाचे दर घ्यावेत.

उदाहरणातला माणूस खर्चीवाला आहे. व्यापाऱ्याकडून बिमे आणि बाणा घेतो, कापड विणून परत देतो. सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे. म्हणून कापडाची किंमत याच्या जमेत येत नाही, फक्त मजुरी येते. वर्षभरात त्याने जीएसटी वगळून ४१ लाख ४० हजारांची मजुरीची बिले केली. चिंधी विकून ६० हजार आले. एकूण जमा ४२ लाख.

येथेच पहिला घोटाळा झाला. एका मुलाने मजुरी ४० लाख ९८ हजार ६०० लिहिली, कारण पासबुकात तेवढीच आली होती. व्यापाऱ्याने बिलावर एक टक्का टीडीएस, म्हणजे ४१ हजार ४०० रुपये, कापून घेतले होते. पण कापलेली रक्कमही आपलीच कमाई आहे. व्यापाऱ्याने ती आपल्या नावावर सरकारात भरली, एवढेच. म्हणून वर पूर्ण बिल लिहायचे आणि कापलेला कर अगदी शेवटच्या ओळीसाठी राखून ठेवायचा. फॉर्म २६ एएसमध्येही खात्याला पूर्ण बिलाचाच आकडा दिसतो. आपण कमी लिहिले की फरक लगेच उघडा पडतो.

आता खर्च. कामगार, जॉबर, कांडीवाले आणि वहिफणीवाले मिळून १२ लाख ६० हजार. वीज ९ लाख ८० हजार. शेडचे भाडे महिना २० हजारांप्रमाणे २ लाख ४० हजार. धोटे, पट्टे, तेल व दुरुस्ती २ लाख १० हजार. दिवाणजी, हमाली व किरकोळ दीड लाख. बेरीज २८ लाख ४० हजार. ती ४२ लाखांतून वजा जाता उरले १३ लाख ६० हजार.

मागांसाठी बँकेचे कर्ज आहे. वर्षाचे हप्ते १ लाख ८० हजार. त्यात मुद्दल १ लाख २० हजार आणि व्याज ६० हजार. वर्गातल्या बहुतेकांनी सगळा हप्ता वजा केला आणि ११ लाख ८० हजारांवर येऊन थांबले. बाराच्या आत आलो, टॅक्स शून्य, अशी सर्वांची समजूत! पण कर्ज मिळाले तेव्हा ते कोणी जमेला धरले होते का? मग फेडलेले मुद्दल खर्चात कसे धरणार? खर्चात फक्त व्याज जाते. मागांची झीज होते तिची वजावट घसारा म्हणून वेगळी मिळते. यंत्रांवर घसारा १५ टक्के. वहीतली शिल्लक किंमत ६ लाख असेल तर ९० हजार. म्हणजे १३ लाख ६० हजारांतून ६० हजार आणि ९० हजार गेले. धंद्याचे उत्पन्न आले १२ लाख १० हजार.

घरखर्च, मुलांची फी, जकात हे या ओळीच्या खालचे मामले आहेत. ते कमाईतून द्यायचे असतात, कमाई काढताना वजा करायचे नसतात. विम्याच्या हप्त्याची वजावटही नव्या पद्धतीत नाही. बाजारात ज्या बारा लाखांची चर्चा आहे, त्यांची तुलना या १२ लाख १० हजारांशी करायची. ४२ लाखांशी नाही, पासबुकाशीही नाही.

आता कर. पहिल्या ४ लाखांवर काही नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, म्हणजे २० हजार. ८ ते १२ वर १० टक्के, म्हणजे ४० हजार. वरच्या १० हजारांवर १५ टक्के, म्हणजे दीड हजार. एकूण ६१ हजार ५००.

रिबेट येथे येते, याच्या आधी नाही. एका मुलाने ६० हजारांचे रिबेट उत्पन्नातूनच वजा केले होते. वजावट उत्पन्नातून जाते, रिबेट करातून जाते. उत्पन्न १२ लाख किंवा कमी असेल तर ६० हजारांपर्यंतचा सगळा कर माफ होतो. आपला माणूस १० हजारांनी पुढे गेला आहे. पण त्या १० हजारांपायी ६१ हजार ५०० भरावे लागू नयेत, अशी सोय कायद्यात आहे: १२ लाखांच्या वर जेवढे उत्पन्न, कर त्याहून जास्त नाही. म्हणून ५१ हजार ५०० माफ आणि कर १० हजार. त्यावर ४ टक्के उपकर ४००. देय कर १० हजार ४००. ही सवलत साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत पुरते. पुढे तिचा उपयोग नाही.

आणि आता ती राखून ठेवलेली ओळ. टीडीएस ४१ हजार ४००, म्हणजे उर्दूत ज्याला आम्ही मुजरा मिळणे म्हणतो ते. १० हजार ४०० वजा जाता ३१ हजार परत मिळायचे. अर्थात रिटर्न भरले तरच.

यानंतर आम्ही फळ्यावर एकच गोष्ट बदलली. शेडचे भाडे दरमहा २० हजार रोखीने दिले असे धरले. एका माणसाला एका दिवसात १० हजारांहून जास्त रोख दिली तर तो खर्च काही थोडे अपवाद सोडता धरला जात नाही. कामगारांचा आठवड्याचा पगार माणशी त्याच्या आत असतो, म्हणून तेथे अडचण नाही. पण भाड्याचे पूर्ण २ लाख ४० हजार उत्पन्नात परत येतात. उत्पन्न १४ लाख ५० हजार, कर ९७ हजार ५००, रिबेट काही नाही, उपकर ३ हजार ९००. एकूण १ लाख १ हजार ४००. टीडीएस वजा जाता ६० हजार भरायचे, शिवाय आगाऊ कर भरला नाही म्हणून व्याज. धंदा तोच, माग तेच, भाडे तेवढेच. चेक आणि रोख यात ९१ हजारांचा फरक पडला. वर्गात यावर बराच वेळ कोणी बोलले नाही.

वह्या न ठेवणाऱ्यांसाठी अंदाजे नफ्याची दुसरी वाट आहे. १९६१ च्या कायद्यात ते कलम ४४ एडी होते. तीत बँकेतून आलेल्या जमेवर किमान ६ टक्के आणि रोखीच्या जमेवर ८ टक्के नफा धरतात. मग भाडे, वीज, घसारा वेगळे वजा होत नाहीत. ती धरून मध्येच सोडली तर पुढे पाच वर्षे तिच्यावर परत येता येत नाही, म्हणून आपल्या सी.ए.ला विचारूनच पाऊल टाकावे.

टीडीएसचे ४१ हजार ४०० वहीत आहेत म्हणजे ते मिळालेच, असेही नाही. व्यापाऱ्याच्या दिवाणजीने आपला पॅन चुकीचा टाकला, किंवा कापलेला कर भरलाच नाही, तर ती रक्कम २६ एएसमध्ये दिसत नाही आणि परतावा अडकतो. रिटर्न भरण्याआधी प्रत्येक व्यापाऱ्याची कपात आपल्या बिलांशी ताडून घ्यावी. फरक निघाला तर त्या पेढीला तिचे टीडीएसचे विवरण दुरुस्त करायला सांगावे. ही दुरुस्ती पेढीच करू शकते, आपण नाही.