नवख्या पेशीची वाट

कुष्ठरोगाचे दोन रुग्ण शेजारी बसवले, तर दोघांना एकच आजार आहे यावर चटकन विश्वास बसत नाही. एकाच्या दंडावर फिकट, बधिर असा एखादाच चट्टा असतो. त्याची कड स्पष्ट दिसते. त्यातला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर जंतू शोधावे लागतात. दुसऱ्याच्या अंगभर गाठी असतात, कानाच्या पाळ्या जाडावलेल्या असतात, भुवया विरळ झालेल्या असतात आणि त्वचेतल्या पेशी जंतूंनी गच्च भरलेल्या असतात. जंतू दोघांच्याही शरीरात तोच, मायकोबॅक्टेरियम लेप्री. वेगळी असते ती शरीराने त्याला दिलेली प्रतिक्रिया. ही प्रतिक्रिया कोणत्या अंगाने जाणार, हे बऱ्याच अंशी ठरवतात आपल्या रक्तातल्या हेल्पर टी पेशी.

या पेशी स्वतः जंतू मारत नाहीत. त्या इतर पेशींना कामाला लावतात. छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीतून त्या बाहेर पडतात तेव्हा कोऱ्या असतात. त्यांना आपण नवख्या म्हणू. रक्तातून लसिकाग्रंथीत, तिथून पुन्हा रक्तात अशा त्या फिरत राहतात. प्रत्येकीला प्रथिनाचा एखादाच ठरावीक तुकडा ओळखता येतो. बहुतेकींना तो आयुष्यभर भेटतच नाही.

ज्या पेशीला तो भेटतो, तिच्या बाबतीत तीन गोष्टी घडाव्या लागतात. त्वचेत किंवा फुफ्फुसात जंतू गिळून आलेली डेंड्रिटिक पेशी लसिकाग्रंथीत येते आणि जंतूच्या प्रथिनाचा तुकडा आपल्या पृष्ठभागावर मांडते. नवखी पेशी तो ओळखते, हा पहिला इशारा. डेंड्रिटिक पेशीवरचे काही रेणू टी पेशीच्या सीडी-28 या रेणूला भिडतात, हा दुसरा. दुसऱ्याशिवाय पहिला मिळाला तर पेशी जागी होण्याऐवजी निपचित पडते, आणि ते बरंच आहे, नाहीतर आपण आपल्याच प्रथिनांवर उठसूट चालून गेलो असतो. तिसरा इशारा म्हणजे त्या वेळी आसपास असलेली सायटोकाइन्स, म्हणजे पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी सोडतात ती छोटी प्रथिनं. पहिल्या दोन इशाऱ्यांनी पेशी वाढायला लागते. वाढून ती काय होणार, हे मुख्यतः तिसऱ्यावर ठरतं.

हेल्पर पेशींचे प्रकार असतात हे 1986 मध्ये स्पष्ट झालं. कॅलिफोर्नियातल्या डीएनएक्स संशोधनसंस्थेत टिम मॉसमन आणि रॉबर्ट कॉफमन उंदरांच्या टी पेशींचे एकेका पेशीपासून वाढवलेले वंश तपासत होते. काही वंश गॅमा इंटरफेरॉन सोडत, काही इंटरल्यूकिन-4. पहिल्यांना टीएच-1 आणि दुसऱ्यांना टीएच-2 अशी नावं मिळाली. गॅमा इंटरफेरॉन मिळाला की मॅक्रोफेज पेशी गिळलेले जंतू पोटातच मारू लागतात. टीएच-2 पेशी इंटरल्यूकिन-4, 5 आणि 13 सोडतात. त्यांनी प्रतिपिंडांचं उत्पादन, विशेषतः ॲलर्जीतलं आयजीई, वाढतं, इओसिनोफिल पेशी गोळा होतात आणि आतड्यात चिकट स्राव सुटतो. पोटातल्या जंतांविरुद्ध हे उपयोगी असतं. मॅक्रोफेजच्या आत दडलेल्या जिवाणूपुढे मात्र प्रतिपिंडांचं काही चालत नाही.

याचा फैसला दाखवणारा सर्वांत बोलका प्रयोग उंदरांवरचा आहे. लीशमॅनिया मेजर हा मॅक्रोफेजमध्ये राहणारा परजीवी सी-57-ब्लॅक-6 जातीच्या उंदराच्या पायात टोचला, तर सूज येते आणि काही आठवड्यांत ओसरते. तोच बॅल्ब-सी जातीच्या उंदराला टोचला तर जखम चिघळते, परजीवी शरीरभर पसरतो आणि उंदीर मरतो. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या रिचर्ड लॉक्सली यांच्या गटाने 1989 मध्ये दाखवलं की बऱ्या होणाऱ्या उंदरांत गॅमा इंटरफेरॉन असतो आणि मरणाऱ्यांत इंटरल्यूकिन-4. मग बॅल्ब-सी उंदरांना संसर्गाच्या वेळीच इंटरल्यूकिन-4 निकामी करणारं प्रतिपिंड दिलं, तेव्हा ते जगले. सुरुवातीच्या दिवसांत इंटरल्यूकिन-12 टोचलं तरीही जगले. उशीर केला तर यातल्या कशाचाही फारसा उपयोग होत नाही. या प्रयोगातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच: दोन्ही सायटोकाइन्सचा प्रभाव निर्णायक ठरतो तो पहिल्या काही दिवसांतच.

असं का, हे पेशीच्या आत डोकावलं की कळतं. जिवाणूंचे घटक जाणवले की डेंड्रिटिक पेशी आणि मॅक्रोफेज इंटरल्यूकिन-12 सोडतात. टी पेशीवरच्या ग्राहकाला ते चिकटलं की आत स्टॅट-4 नावाचं प्रथिन जागं होतं. आधीच आलेल्या इतर पेशींकडून थोडा गॅमा इंटरफेरॉन मिळाला की स्टॅट-1 जागं होतं आणि टी-बेट या प्रथिनाचं जनुक चालू होतं. टी-बेट डीएनएवर बसून गॅमा इंटरफेरॉनचं जनुक उघडतं. म्हणजे पेशी आता स्वतःच गॅमा इंटरफेरॉन सोडू लागते आणि तो तिच्यावर व शेजारच्या नवख्या पेशींवर पुन्हा तेच काम करतो. दही लागलं की त्यातलंच चमचाभर पुढच्या दुधाचं विरजण होतं, तसा हा प्रकार. दुसऱ्या बाजूला इंटरल्यूकिन-4 स्टॅट-6 मार्फत गॅटा-3 चालू करतं आणि गॅटा-3 आणखी इंटरल्यूकिन-4 तयार करवतं. शिवाय टी-बेट गॅटा-3 ला दाबतं आणि गॅटा-3 टीएच-1 च्या वाटेवर अडथळे टाकतं. सुरुवातीचा किरकोळ फरक त्यामुळे थोड्याच दिवसांत मोठा होतो. पेशी विभागत जाते तसं नको असलेल्या जनुकांभोवतीचं डीएनए घट्ट गुंडाळलं जातं, आणि मग बाहेरचं सायटोकाइन बदललं तरी मागे फिरणं अवघड होतं.

प्रयोगशाळेत हे रोज करून बघता येतं. उंदराच्या प्लीहेतून नवख्या पेशी वेगळ्या काढायच्या आणि पहिले दोन इशारे देणाऱ्या प्रतिपिंडांनी त्यांना जागं करायचं. एका खळग्यात मिलीलिटरला साधारण 10 नॅनोग्रॅम इंटरल्यूकिन-12 टाकायचं आणि सोबत इंटरल्यूकिन-4 अडवणारं प्रतिपिंड. दुसऱ्यात नेमकं उलट. चार-पाच दिवसांनी पेशींना पुन्हा चेतवायचं आणि सायटोकाइन बाहेर पडू नये म्हणून पेशीतला मार्ग औषधाने रोखायचा. मग आत साठलेल्या प्रथिनांना चमकणारी प्रतिपिंडं लावून फ्लो सायटोमीटरमधून एकेक पेशी मोजायची. पडद्यावर ठिपक्यांचे दोन ढग दिसतात, एक गॅमा इंटरफेरॉनचा, एक इंटरल्यूकिन-4 चा. अडवणारी प्रतिपिंडं घालायला विसरलं तर ढग एकमेकांत मिसळतात, कारण पेशी स्वतःच थोडीथोडी दोन्ही सायटोकाइन्स सोडत असतात.

पुढे आणखी फाटे सापडले. लसिकाग्रंथीत बी पेशींच्या शेजारी राहून त्यांच्याकडून चांगली प्रतिपिंडं करवून घेणाऱ्या टीएफएच पेशी इंटरल्यूकिन-6 आणि 21 च्या प्रभावाखाली घडतात. मला त्याहून नवल वाटतं ते टीजीएफ-बीटाचं. नवख्या पेशीला हे एकटंच मिळालं, तर तिच्यात फॉक्सपी-3 चालू होतं आणि ती नियामक पेशी बनते, म्हणजे इतरांना आवरणारी. (अशा पेशी शोधून काढणारे शिमोन साकागुची आणि फॉक्सपी-3 चं जनुक शोधणारे मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांना 2025 चं नोबेल मिळालं.) टीजीएफ-बीटासोबत इंटरल्यूकिन-6 असेल, तर मात्र आरओआर-गॅमा-टी चालू होतं आणि पेशी टीएच-17 होते. ती न्यूट्रोफिल पेशींना बोलावून बुरशी आणि काही जिवाणूंशी लढते, पण सोरायसिससारख्या आजारांतही तिचाच हात असतो. भारतात जन्मलेले आणि हार्वर्डमध्ये काम करणारे विजय कुचरू यांच्या गटाने 2006 मध्ये दाखवलेला हा फाटा समजायला सोपा आहे: जंतू आल्यावर आसपासच्या पेशी इंटरल्यूकिन-6 सोडतात, आणि ते मिळालं की शांतता राखण्याचा निरोप लढ्याचा होतो.

या ज्ञानावर औषधं बनली, आणि तिथेच त्याची मर्यादाही दिसली. टीएच-17 चं मुख्य सायटोकाइन इंटरल्यूकिन-17 अडवणारं सेक्युकिनुमॅब सोरायसिसमध्ये उत्तम चालतं. आतड्याला सूज आणणाऱ्या क्रोन्स आजारातही टीएच-17 पेशी दिसतात, म्हणून ते तिथे वापरून पाहिलं. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फायदा तर झाला नाहीच, उलट औषध न घेतलेल्यांपेक्षा काही रुग्ण बिघडले. बहुधा इंटरल्यूकिन-17 आतड्याचं अस्तर धडही ठेवतं. टीएच-17 पेशींना टिकवून धरणारं इंटरल्यूकिन-23 आणि इंटरल्यूकिन-12 या दोन्हींमधला समान भाग अडवणारं औषध मात्र क्रोन्समध्ये उपयोगी पडलं.

माणसात इंटरल्यूकिन-12 चा रस्ता किती लागतो, हे जन्मजात दोषाच्या मुलांवरून कळलं. त्यांच्यात या सायटोकाइनचा ग्राहक नीट बनत नाही. जन्मल्यावर दंडावर टोचलेली बीसीजी लस, जी इतरांमध्ये फक्त लहानसा वण ठेवून जाते, ती काखेतल्या गाठींपर्यंत आणि कधी शरीरभर पसरते. साल्मोनेलाही त्यांना वारंवार गाठतो. इतर बहुतेक जंतूंशी मात्र ही मुलं बऱ्यापैकी लढतात.

कुष्ठरोगाकडे परत येऊ. 1991 च्या सुमारास त्वचेच्या नमुन्यांतले सायटोकाइन्स तपासले, तेव्हा एखाददुसऱ्या चट्ट्याच्या रुग्णांत इंटरल्यूकिन-2 आणि गॅमा इंटरफेरॉन जास्त सापडले, तर गाठींच्या रुग्णांत इंटरल्यूकिन-4, 5 आणि 10. उंदरांइतकी स्वच्छ विभागणी माणसात नसते. बहुतेक रुग्ण दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतात, आणि गाठींच्या रुग्णांतला सगळा दोष टीएच-2 वर ढकलता येत नाही. त्यांचे मॅक्रोफेजही इंटरल्यूकिन-10 सोडून टी पेशींना थोपवतात.

आणि टीएच-1 म्हणजे चांगलं, असंही नाही. मधल्या रुग्णांची प्रतिक्रिया कधीकधी अचानक टीएच-1 कडे उसळते, अनेकदा रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमीन या औषधांचा उपचार चालू असतानाच. जुने चट्टे लाल होऊन सुजतात. जंतू मज्जातंतूंतही असल्याने तिथेही सूज चढते. कोपरामागची नस दोरीसारखी जाड होते, दुखते, करंगळीतली ताकद जाते आणि बोटं वाकू लागतात. रुग्णाला वाटतं की गोळ्या अंगावर उठल्या, आणि तो त्या बंद करतो. खरं तर गोळ्या चालूच ठेवायच्या असतात आणि सूज उतरवायला प्रेडनिसोलोन सुरू करायचं असतं, काही महिने, मात्रा हळूहळू कमी करत. नस निकामी व्हायला लागून सहा महिने व्हायच्या आत हे सुरू झालं, तर हाताची ताकद परत येण्याची बरीच शक्यता असते. म्हणूनच तपासणीला आलेल्या रुग्णाला डॉक्टर दर वेळी डोळे मिटायला सांगून तळहाताला बॉलपेनचं टोक हलकेच टेकवतात आणि कुठे लागलं ते विचारतात.