पत्ता ॲमस्टरडॅमचा, घड्याळ नालासोपाऱ्याचं

वसई-विरार पट्ट्यात असं घर सापडणं कठीण, ज्यातला एखादा भाऊ, चाचा किंवा जावई दुबई, दोहा किंवा मस्कतला नाही. त्यामुळे व्हीपीएन हा शब्द आपल्याकडे कॉम्प्युटरच्या क्लासमधून कमी आणि आखातातून येणाऱ्या फोनवरून जास्त आला. तिकडे व्हॉट्सॲपचा कॉल लागत नाही, म्हणून कुणीतरी व्हीपीएन टाकून दिलं. मग तेच इकडच्या मोबाइलवर आणि मुलांच्या लॅपटॉपवरही आलं. व्हीपीएन लावलं की आपण कुठून बोलतोय हे कुणालाच कळत नाही, असा समज त्याबरोबरच पसरला. हा समज अर्धाच खरा आहे.

नालासोपाऱ्यातल्या एका घरातला लॅपटॉप घेऊ. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीनं त्यावर मोफत व्हीपीएन टाकलं आहे आणि त्यात देश निवडला आहे नेदरलँड्स. आता ती जी वेबसाइट उघडेल तिची मागणी आधी व्हीपीएन कंपनीच्या तिथल्या सर्व्हरवर जाते आणि तिथून पुढे. वेबसाइटला दिसतो तो त्या सर्व्हरचा आयपी पत्ता. म्हणजे पाकिटावर शिक्का ॲमस्टरडॅमचा पडला.

पण व्हीपीएन पाकीट बदलतं, आतला मजकूर बदलत नाही. ब्राउझर वेळ कुठून घेतो? विंडोज किंवा अँड्रॉइडच्या घड्याळातून. भाषा कुठून घेतो? आपण सेटिंगमध्ये लावलेल्या यादीतून. या दोन्ही गोष्टी लॅपटॉपमध्येच असतात आणि व्हीपीएनचा त्यांना हातही लागत नाही. वेबसाइटनं विचारलं की ब्राउझर त्या सरळ सांगून टाकतो. त्यासाठी तो आपली परवानगीही मागत नाही, कारण कॅलेंडर नीट दाखवायला आणि पान योग्य भाषेत द्यायला ही माहिती लागतेच.

हे स्वतः पाहायचं असेल तर लॅपटॉपवर क्रोम उघडून F12 दाबा, Console या भागात जा आणि या तीन ओळी एकेक करून टाका:

```
Intl.DateTimeFormat().resolvedOptions().timeZone
new Date().getTimezoneOffset()
navigator.languages
```

पहिल्या ओळीचं उत्तर येईल Asia/Calcutta. कलकत्त्याचं नाव २००१ मध्ये अधिकृतपणे कोलकाता झालं, तरी क्रोम अजून जुनंच नाव सांगतो. फायरफॉक्स Asia/Kolkata म्हणतो. दुसऱ्या ओळीचं उत्तर -330. जागतिक वेळेपेक्षा आपण साडेपाच तास, म्हणजे ३३० मिनिटं पुढे आहोत, आणि पुढे असणाऱ्या देशांसाठी हा आकडा वजा चिन्हानं येतो. तिसऱ्या ओळीत भाषांची यादी दिसेल. व्हीपीएन चालू करून हेच पुन्हा करून पाहा. एक अक्षरही बदलत नाही.

नेदरलँड्समध्ये खरोखर बसलेल्या माणसाच्या लॅपटॉपवर Europe/Amsterdam दिसतं, आणि आकडा हिवाळ्यात -60, उन्हाळ्यात -120. पत्ता म्हणतो ॲमस्टरडॅम आणि घड्याळ म्हणतं भारत. ही विसंगती पकडायला वेबसाइटला कुणी हुशार माणूस बसवावा लागत नाही, दोन ओळींची तुलना पुरते.

त्यातही आपली वेळ फार बोलकी आहे. जगातले बहुतेक देश पूर्ण तासाच्या फरकानं चालतात; साडेपाच तासांचा फरक आज फक्त भारत आणि श्रीलंकेत आहे. म्हणजे शहराचं नाव लपवलं आणि नुसता -330 बाहेर पडला, तरी देश जवळजवळ ठरला. गंमत अशी की ही वेळ आपल्या किनाऱ्याची मुळात नव्हेच. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईनं आपली ३९ मिनिटं मागे चालणारी ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. सूर्याच्या हिशोबानं वसईचं घड्याळ आजही तिथंच कुठेतरी आहे, पण ब्राउझरच्या लेखी नालासोपारा, नागपूर आणि कोलकाता एकच. हा आडोसा म्हणावा तर तेवढाच: घड्याळ देश सांगतं, गाव सांगत नाही.

भाषेचं काम वेगळं आहे. प्रत्येक मागणीबरोबर ब्राउझर अशी एक ओळ पाठवतो:

```
Accept-Language: mr,ur;q=0.9,en-IN;q=0.8,en;q=0.7
```

अर्थ असा की पान मराठीत असेल तर द्या, नाहीतर उर्दूत, नाहीतर भारतीय इंग्रजीत. एकट्या भाषेवरून जागा ठरत नाही. दुबईत राहणाऱ्या मराठी माणसाच्या फोनवरही मराठी असू शकते आणि त्यात संशयास्पद काही नाही. पण भाषांची जोडी माणसांचा घोळका लहान करते. आपल्याकडे बहुतेकजण ब्राउझर इंग्रजीतच ठेवतात. त्यात मराठी पहिली लावणारे थोडे आणि मराठीच्या मागे उर्दू लावणारे त्याहून थोडे. मदरशातला उर्दू मजकूर नीट वाचता यावा म्हणून केलेली ती सेटिंग आहे. पण ॲमस्टरडॅमच्या पत्त्यावरून, भारतीय घड्याळासह, मराठी-उर्दू मागणारा ब्राउझर एखाद्या वेबसाइटवर रोज येत असेल, तर तो बहुधा तोच एक लॅपटॉप आहे हे ओळखायला नावाची गरज उरत नाही. माझ्या मते विसंगतीपेक्षा हे जास्त लक्षात ठेवण्यासारखं आहे.

ही गडबड घरात कशी दिसते? पान अचानक डच भाषेत उघडतं, किमती युरोत दिसतात. नमाजाच्या वेळा दाखवणाऱ्या साइटवर तर ती अगदी उघडी पडते. जूनच्या शेवटी ॲमस्टरडॅमला सूर्य रात्री दहाच्या पुढे मावळतो, तर वसईत सव्वासातच्या सुमारास. साइटनं शहर पत्त्यावरून घेतलं तर मगरिबची वेळ दहा वाजून पाच मिनिटं अशी काहीतरी दिसेल. आणि शहर पत्त्यावरून पण घड्याळ ब्राउझरचं घेतलं, तर तीच वेळ भारतीय वेळेत बदलून रात्री एक पस्तीस होऊ शकते. असं काही दिसलं तर साइटला दोष देण्याआधी व्हीपीएन चालू आहे का ते बघावं.

बँकेत आणि खरेदीच्या साइटवर हीच विसंगती जड जाते. तिथल्या यंत्रणा प्रत्येक लॉगिनला जोखमीचे गुण देतात: पत्ता नवा, देश वेगळा, घड्याळ जुळत नाही. एका कारणावरून सहसा कुणी खातं बंद करत नाही, कारण प्रवासातल्या माणसाचं घड्याळही काही वेळ जुनंच राहतं. पण कारणं साठली की जादा ओटीपी, चित्रं ओळखायला लावणारी पानं, अडकलेलं पेमेंट, आणि शेवटी काही काळ बंद झालेलं खातं. बँकेपासून लपण्याचं आपल्याला कारण नसतं. ते काम करताना व्हीपीएन बंद ठेवलेलं बरं. काही व्हीपीएनमध्ये Split tunneling नावाची सोय असते. त्यात ठरावीक ॲपची वाहतूक व्हीपीएनबाहेरून जाते. बँकेचं ॲप तिथं घालता येतं.

हे कळल्यावर मुलं पहिला उपाय करतात तो घड्याळाचा, आणि नेमका चुकीचा करतात. टास्कबारमधलं घड्याळ हातानं साडेतीन-साडेचार तास मागे घेतात. त्यानं टाइम झोन बदलत नाही. -330 तसाच राहतो. उलट आता लॅपटॉपचा क्षणच खोटा झाला. वेबसाइटच्या सर्व्हरकडे खरी वेळ असतेच, त्यामुळे एक नवी विसंगती उभी राहते. दर तीस सेकंदांनी बदलणारे ऑथेंटिकेटरचे आकडे वेळेवरून बनतात. त्या यंत्रावर ते ॲप असेल तर तेही चुकायला लागतात.

सेटिंगमध्ये जाऊन टाइम झोनच बदलला तर पत्ता आणि घड्याळ जुळतं, आणि ऑथेंटिकेटरही बिघडत नाही, कारण तो जागतिक वेळेवर चालतो. मग मात्र लॅपटॉपवरच्या सगळ्या वेळा, परीक्षेच्या आणि ऑनलाइन तासांच्याही, ॲमस्टरडॅमच्या दिसतात. सर्व्हर बदलला की पुन्हा झोन बदला. वेळ बदलून सांगणारी ब्राउझरची एक्स्टेन्शन्स मिळतात, पण त्यातली साधी एक्स्टेन्शन्स फक्त आजचा फरक बदलतात. वेबसाइट जानेवारीच्या तारखेचा आणि जुलैच्या तारखेचा फरक वेगवेगळा विचारू शकते. खऱ्या ॲमस्टरडॅमचं उत्तर येतं -60 आणि -120. दोन्ही महिन्यांत एकच आकडा आला तर हे ॲमस्टरडॅमचं घड्याळ नव्हे, हे उघड झालं.

टॉर ब्राउझरनं वेगळा रस्ता घेतला आहे. तो पत्त्याशी जुळवून घेण्याच्या मागे लागतच नाही. तो वापरणाऱ्या सगळ्यांची वेळ जागतिक वेळ म्हणून सांगतो आणि भाषाही सगळ्यांची इंग्रजी ठेवायची सूचना करतो. विसंगती तिथंही दिसते, पण ती सगळ्यांची सारखीच असल्यानं त्यातला एक माणूस वेगळा काढता येत नाही.

मोबाइलवर यातलं फारसं हाती नसतं. टाइम झोन आपोआप ठेवलेला असेल तर फोन तो मोबाइल नेटवर्ककडून घेतो, आणि ॲपला सिम कोणत्या देशाचं आहे हेही कळू शकतं.

उलट दिशेनं हाच खेळ दुबईत होतो. तिथला भाऊ भारतातच उघडणारी एखादी साइट बघायला व्हीपीएनमध्ये India निवडतो. पत्ता भारताचा येतो, पण ब्राउझर सांगतो Asia/Dubai आणि -240. दीड तासाचा हा फरक लगेच दिसतो. शिवाय तो ‘भारत’ही बऱ्याचदा भारतात नसतो. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी संस्थेनं व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नोंद पाच वर्षं ठेवायला सांगितलं, तेव्हा काही मोठ्या कंपन्यांनी इथले सर्व्हर काढून घेतले आणि भारतीय पत्ते सिंगापूर किंवा ब्रिटनमधल्या यंत्रांवरून द्यायला सुरुवात केली. म्हणजे दुबईतली मागणी सिंगापूरला जाऊन भारतीय म्हणून बाहेर पडू शकते.

आणि तिकडच्या माणसांना एक गोष्ट फोनवर जरूर सांगावी. अमिरातीच्या २०२१ च्या ३४ क्रमांकाच्या सायबर कायद्यात, गुन्हा करण्यासाठी किंवा तो उघडकीला येऊ नये म्हणून खोटा आयपी पत्ता वापरला, तर किमान पाच लाख आणि कमाल वीस लाख दिरहम दंडाची तरतूद आहे. घरच्यांशी बोलायला तिथं परवाना असलेली कॉलिंग ॲप मिळतात. महिन्याला थोडे पैसे पडले तरी त्यांच्यात घड्याळ जुळवायची वेळ येत नाही.