मूक क्षती आणि पडताळणीचा शिरस्ता

जेफ बॉनविक, मॅथ्यू आरेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार वर्षे खपून रचलेली झेडएफएस ही फाइलसिस्टिम ३१ ऑक्टोबर २००५ रोजी सन मायक्रोसिस्टिम्सच्या सोलारिस प्रणालीच्या मूळ संहितेत दाखल झाली, आणि तिच्याबरोबर `zpool scrub` ही एक साधी आज्ञाही आली. साठवलेला प्रत्येक ब्लॉक, कोणी मागितलेला असो वा नसो, ठरावीक काळाने स्वतःहून वाचून त्याचा चेकसमशी ताळा घेणे, एवढेच त्या आज्ञेचे काम. असल्या पडताळणीचा शिरस्ता अत्यावश्यक आहे, ही गोष्ट मात्र व्यवसायातील लोकांना पटायला पुढची काही वर्षे आणि दोन मोठ्या पाहण्या लागल्या.

तत्पूर्वीची समजूत अशी होती, की डिस्क एक तर लिहिलेले जसेच्या तसे परत देईल, नाही तर ‘हे मला वाचता येत नाही’ अशी स्पष्ट कैफियत देईल. ही समजूत सर्वस्वी निराधार नव्हती. प्रत्येक सेक्टरासोबत डिस्क स्वतःचा दोषनिवारक संकेत लिहून ठेवते, त्यामुळे पृष्ठभागावरील चुंबकत्व क्षीण झाले तर ती बहुधा चूक दुरुस्त करते अथवा हात टेकते. पण डिस्कच्या फर्मवेअरने ‘लिहिले’ असा निर्वाळा देऊन प्रत्यक्षात काहीच लिहिले नाही, किंवा मजकूर भलत्याच पत्त्यावर नेऊन टाकला, किंवा केबल, कंट्रोलर वा स्मृती यांपैकी कोठेतरी एखादा बिट उलटला आणि तो उलटलेला मजकूरच डिस्कने इमानेइतबारे नोंदवून घेतला, तर सेक्टराचा संकेत मजकुराशी तंतोतंत जुळतो आणि तक्रार करण्यास कोणालाच कारण उरत नाही. रेडचा आधारही येथे तोकडा पडतो. लिनक्समधील एमडी आपल्या आरशाच्या दोन प्रती ताडून पाहते, त्या न जुळल्यास `mismatch_cnt` हा आकडा वाढवते. परंतु दोहोंपैकी अस्सल कोणती आणि भ्रष्ट कोणती, याचा निवाडा करण्याचे साधन तिच्यापाशी नाही.

झेडएफएसच्या कर्त्यांनी हा निवाडा शक्य केला तो चेकसमच्या जागेमुळे. ब्लॉकचा २५६ बिटांचा चेकसम त्या ब्लॉकाशेजारी न ठेवता, त्याच्याकडे निर्देश करणाऱ्या वरच्या ब्लॉकात त्यांनी ठेवला. त्या वरच्या ब्लॉकाचा चेकसम त्याच्याही वरच्यात. आणि अशी ही साखळी मुळाशी असलेल्या उबरब्लॉकापर्यंत नेली. लखोटा पाठवताना त्याच्या मोहरेचा ठसा लखोट्यातच न ठेवता वरिष्ठ कचेरीच्या नोंदवहीत उमटवून ठेवावा, म्हणजे लखोटा बदलला तरी आणि मुळात पोहोचलाच नाही तरी दोन्ही गोष्टी उघड व्हाव्यात, तसे हे आहे. चेकसम ब्लॉकाजवळच असता तर न लिहिल्या गेलेल्या नव्या मजकुराच्या जागी जुना मजकूर आणि त्याचाच जुना चेकसम एकमेकांशी बिनतक्रार जुळले असते.

आता पाहण्यांकडे वळू. पहिली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेतली. तेथील बर्न्ड पान्झर-श्टाइंडेल यांनी २००७ साली सादर केलेल्या अहवालात एका लहानशा प्रोग्रामची हकीकत आहे. तीन हजारांहून अधिक यंत्रांवर दर दोन तासांनी त्याने सुमारे दोन गिगाबाइटची फाइल ठरावीक नमुन्याने लिहायची, मग ती वाचून नमुन्याशी ताडायची. पाच आठवड्यांत शंभर यंत्रांवर पाचशे चुका सापडल्या. यातला सर्वांत बोधक भाग चुकांच्या आकारात आहे. एकेका बिटाच्या चुका जेमतेम दहा टक्के होत्या. ऐंशी टक्के चुका ६४ किलोबाइटच्या सबंध तुकड्यांच्या होत्या, आणि त्यांचे मूळ डिस्कचे फर्मवेअर व रेड कंट्रोलर यांच्या आपसातील बेबनावात निघाले, जो मिटवण्यासाठी पुढे सुमारे तीन हजार डिस्कांचे फर्मवेअर बदलावे लागले. म्हणजे काळाच्या ओघात झिजणारे चुंबकत्व हा आरोपी त्या प्रकरणात दुय्यम होता, आणि प्रमुख आरोपी मनुष्यकृत होता.

दुसरी पाहणी २००८ सालची. विस्कॉन्सिन विद्यापीठ आणि नेटअ‍ॅप यांच्याशी संबंधित अभ्यासकांनी १५ लाख ३० हजार डिस्कांचा ४१ महिन्यांचा दप्तरी पुरावा धुंडाळला आणि त्यात चेकसम न जुळल्याच्या चार लाखांहून अधिक घटना मोजल्या. सतरा महिन्यांच्या वापरात स्वस्त साटा डिस्कांपैकी ०.६६ टक्के डिस्कांवर अशी किमान एक घटना घडली, महागड्या फायबर चॅनेल डिस्कांपैकी ०.०६ टक्क्यांवर. टक्केवारी लहान आहे, आणि एवढ्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही असे कोणी म्हटले तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. परंतु त्याच निबंधातील दुसरा आकडा माझ्या मते अधिक मोलाचा आहे: सुमारे आठ टक्के घटना रेडची पुनर्बांधणी चालू असताना उघडकीस आल्या. एक डिस्क निकामी झाली, तिच्या जागी नवी बसवली, तिच्यावर मजकूर उतरवण्यासाठी उरलेल्या डिस्का आद्यन्त वाचल्या गेल्या, आणि त्या वाचनात दुसरी क्षती हाती लागली, जी दुरुस्त करण्यास आवश्यक असलेली प्रत नेमकी निकामी झालेल्या डिस्केवर होती! क्षती कदाचित वर्षभर आधीची असेल, आणि त्या वर्षभरात केव्हाही ती सापडली असती तर निमिषार्धात भरून निघाली असती.

नियतकालिक स्क्रबचा सगळा युक्तिवाद येथे आहे. येथे पुष्कळांची एक गैरसमजूत असते, की रोज रात्री बॅकअपसाठी सर्व फाइली वाचल्या जातात, मग वेगळी पडताळणी कशाला? आरशात दोन प्रती असताना साधे वाचन त्यांतली एकच प्रत उचलते. ती जुळली की दुसरीकडे ढुंकूनही पाहत नाही. रेड-झेडमध्येही साधे वाचन पॅरिटी तपासत नाही. प्रत्येक प्रत आणि प्रत्येक पॅरिटी वाचली जाते ती केवळ स्क्रबमध्ये. आणि मोकळी जागा सोडून फक्त भरलेले ब्लॉक वाचायचे असल्यामुळे अर्ध्या भरलेल्या संचाला अर्धाच वेळ लागतो.

एक प्रकरण तपशिलाने पाहू. दोन डिस्कांचा आरसा आहे, स्क्रबची वेळ महिन्यातून एकदा मुक्रर केलेली आहे, आणि दुसऱ्या रविवारच्या सकाळी `zpool status` ने पुढील जबाब दिला आहे, असे धरू:

```
  scan: scrub repaired 128K in 05:12:40 with 0 errors
        on Sun Mar 10 05:36:41 2024
config:
        NAME        STATE     READ WRITE CKSUM
        daftar      ONLINE       0     0     0
          mirror-0  ONLINE       0     0     0
            sda     ONLINE       0     0     0
            sdb     ONLINE       0     0     1
```

येथे `READ` च्या रकान्यात शून्य आहे, म्हणजे डिस्केने वाचण्यास नकार दिला नाही. तिने बिनबोभाट चुकीचा मजकूर हाती दिला, आणि ते `CKSUM` च्या रकान्यात नोंदले गेले. १२८ किलोबाइटचा एक ब्लॉक, जो झेडएफएसमधील नेहमीच्या नोंदीचा कमाल आकार आहे, `sda` वरील निर्दोष प्रतीवरून `sdb` वर पुन्हा लिहिला गेला. मुख्य शब्द `0 errors` हे आहेत: ज्याला दुरुस्तीच सापडली नाही असे काही उरले नाही. असा एकच आकडा एकदाच दिसला तर तो टिपून ठेवावा, `zpool clear` करून पुढील फेरीची वाट पाहावी. पुढच्या महिन्यात त्याच डिस्केवर आकडा वाढला तर डिस्क बदलण्याची तयारी करावी; मात्र दोन्ही डिस्कांवर एकाच वेळी आकडे चढू लागले तर दोन्ही डिस्का एकदम बिघडल्या असे न मानता, दोघींना समाईक असलेली केबल, कंट्रोलर, वीजपुरवठा वा स्मृती यांकडे आधी पाहावे. आणि `zpool status -v` ने खाली फाइलींची नावे छापली, तर त्या फाइली बॅकअपमधूनच आणाव्या लागतात. एकाच डिस्केवरच्या साठ्यात बहुतेक वेळी हाच प्रसंग येतो: चेकसम क्षती दाखवतो, पण ती भरून काढायला दुसरी प्रत नसते.

ही वहिवाट सुरळीत व्हायलाही काळ लागला. आरंभीच्या झेडएफएसमध्ये स्क्रब चालू असताना स्नॅपशॉट घेतला की स्क्रब पुन्हा पहिल्यापासून सुरू होई; दर तासाला स्नॅपशॉट घेणाऱ्या व्यवस्थापकाच्या मोठ्या साठ्याचा स्क्रब अर्थातच कधीच संपत नसे. हा दोष २००८ साली गेला. पुढची अडचण वेगाची: ब्लॉकांच्या वंशवृक्षाच्या क्रमाने वाचत गेले तर डिस्केचे शीर्ष सारखे इकडून तिकडे धावते. २०१९ च्या ओपनझेडएफएस ०.८ मध्ये आधी निर्देश गोळा करून ते डिस्केवरील स्थानांप्रमाणे लावायचे आणि मग सलग वाचायचे, अशी दोन टप्प्यांची पद्धत आली, आणि जुन्या, विखुरलेल्या साठ्यांचे रखडणारे स्क्रब आटोक्यात आले. दरम्यान २००९ मध्ये लिनक्समध्ये शिरलेल्या बीटीआरएफएसलाही २०११ साली स्वतःचा स्क्रब मिळाला. तिथे ज्या फाइलींवर `nodatacow` लावलेले असते त्यांना चेकसमच नसतो, म्हणून स्क्रबही त्यांच्याविषयी मौन पाळतो. डेबियनच्या पॅकेजात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी स्क्रब आपोआप लावलेला असतो. तो लावलेला असणे निराळे आणि त्याचा जबाब कोणी वाचणे निराळे. ईमेल पाठवणारी झेड ही सेवा चालू नसेल तर रकान्यातला आकडा महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो.

या पडताळणीची मर्यादाही दोन टप्प्यांत ध्यानात आली. २०१० साली विस्कॉन्सिनच्याच अभ्यासकांनी झेडएफएसमध्ये मुद्दाम क्षती घडवून पाहिल्या. डिस्केवरील क्षती तिने पकडल्या, पण चेकसम काढण्यापूर्वीच स्मृतीत बिघडलेला मजकूर तिने बिघडलेल्या रूपातच मोहरबंद केला. ईसीसी स्मृतीचा आग्रह धरला जातो तो यासाठी. नोव्हेंबर २०२३ मधला प्रसंग त्याहून चमत्कारिक. ओपनझेडएफएस २.२ बाहेर पडल्यावर, कॉपी केलेल्या काही फाइलींत मधूनच शून्यांचे पट्टे आढळू लागले. नुकतीच लिहिलेली फाइल डिस्केवर उतरण्याआधी ‘यात मजकूर कोठे आणि पोकळी कोठे’ असे विचारले असता फाइलसिस्टिम क्वचित चुकीचे उत्तर देई, आणि कॉपी करणारा प्रोग्राम मजकुराला पोकळी समजून वगळी. मुळातील दोष कित्येक वर्षे जुना होता, नव्या आवृत्तीने तो फक्त वारंवार उघड केला. या काळात चालवलेल्या स्क्रबांनी सर्व ठीक असल्याचाच निर्वाळा दिला, कारण त्या प्रती तशाच लिहिल्या गेल्या होत्या आणि त्यांचे चेकसम बिनचूक होते. २.२.२ आणि २.१.१४ या आवृत्त्यांनी दोष दूर केला. आधी बिघडलेल्या प्रती मात्र मूळ फाइलींशी एकेक ताडूनच शोधाव्या लागल्या.