शिकवलं थोडं, लिहायचं पानभर

अमेरिकी विद्यापीठात एमएस किंवा पीएचडी करताना टीएशिप मिळाली, तर आठवड्याला साधारण २० तास काम करावं लागतं. त्याबदल्यात बहुतेक ठिकाणी फी माफ किंवा कमी होते आणि वर दरमहा मानधन मिळतं. काही विभाग अर्जासोबत एक-दोन पानांचं ‘टीचिंग फिलॉसॉफी स्टेटमेंट’ मागतात. तुम्ही कसं शिकवता आणि तसंच का, हे त्यात सांगायचं असतं. अर्जदार मात्र बहुधा वर्गात कधी उभाच राहिलेला नसतो.

मग कागदावर काय उतरतं? गुरूची थोरवी सांगणारं एखादं संस्कृत सुभाषित. मग ‘प्रत्येक विद्यार्थी वेगळा असतो’, ‘शिकवण्याची मला लहानपणापासून आवड आहे’. यातलं खोटं काही नाही, पण हीच वाक्यं रसायनशास्त्राचा अर्जदारही पाठवू शकतो आणि इतिहासाचाही. तत्त्वज्ञान या भारदस्त शब्दाने माणूस बिचकतो आणि जगाबद्दल बोलू लागतो. निवड समितीला हवं असतं ते बरंच साधं: तुमच्या विषयात विद्यार्थी कुठे अडकतो हे तुम्ही पाहिलंय का, तेव्हा तुम्ही काय केलंत, आणि त्याला कळलं हे तुम्हाला कशावरून समजलं?

पुण्यात भौतिकशास्त्रात एमएस्सी करणारी एक मुलगी घेऊ. तिचा अनुभव एवढाच, की सोसायटीतल्या दहावीच्या चार मुलांना ती सुट्टीत विज्ञान शिकवायची. पहिल्या मसुद्यात तिने लिहिलं होतं, ‘मी संकल्पना सोप्या करून सांगते.’ कोणती संकल्पना, असं विचारल्यावर खरी गोष्ट बाहेर आली.

एका सेलला दोन सारखे बल्ब एकसरीत जोडायचे होते. जोडण्याआधी तिने मुलांना कोणता बल्ब जास्त प्रकाश देईल ते कागदावर लिहायला लावलं. तिघांनी लिहिलं, धन टोकाजवळचा. कारण पुढच्या बल्बपर्यंत पोचेतो थोडी वीज संपलेली असणार. हा गैरसमज जगभर आढळतो, आणि नुसतं सूत्र पाठ केल्याने तो जात नाही. दोन्ही बल्ब सारखेच उजळले. किंचित फरक दिसलाच, तर बल्बांच्या जागा बदलून पाहायच्या: जास्त उजळ बल्ब नव्या जागीही उजळच राहिला, तर फरक बल्बातला आहे, जागेचा नाही. मग तिने अमीटर पहिल्या बल्बच्या आधी, दोन्हींच्या मध्ये आणि दुसऱ्याच्या पुढे लावून दाखवला. तिन्ही ठिकाणी आकडा तोच. दुसऱ्या दिवशी तिने तीन बल्बांचं नवं चित्र काढून कारणासकट उत्तर लिहायला सांगितलं. तिघांपैकी दोघांनी बरोबर कारण दिलं.

स्टेटमेंटचा कणा इथेच तयार झाला. विद्यार्थी कोऱ्या पाटीने येत नाही, म्हणून आधी त्याचा अंदाज लिहून घ्यायचा, ही तिची धारणा. बल्ब हा तिचा पुरावा आणि दुसऱ्या दिवसाचं चित्र ही तिची तपासणी. चारच मुलं होती हे तिने सरळ लिहिलं. ‘चार’ऐवजी ‘अनेक’ लिहिलं, की मुलाखतीतल्या पहिल्याच प्रश्नाला पितळ उघडं पडतं.

पुढचा भाग टीएच्या कामाशी जोडायचा, आणि इथे घोटाळा होतो तो प्राध्यापकाच्या थाटात लिहिण्याचा. ‘मी अभ्यासक्रमात प्रकल्प आणेन’ हे टीएच्या हातात नसतं. अभ्यासक्रम, प्रयोगपुस्तिका, बहुधा गुणांची पद्धतसुद्धा ठरून आलेली असते. त्याच्याकडे उरतात प्रयोगाआधीची दहा मिनिटं, टेबलांमधून फिरताना विचारलेले प्रश्न, वहीवरचे शेरे आणि शंकांसाठी ठेवलेले तास. तिने लिहिलं: जोडणी करण्याआधी प्रत्येक जोडीकडून एका ओळीत अंदाज लिहून घेईन, आकडा चुकला तर नुसती फुली न मारता तर्क कुठे घसरला तिथे खूण करीन. केलेलं भूतकाळात, करायचं ते भविष्यकाळात, दोन्हींची सरमिसळ नाही.

उच्चार नवख्या विद्यार्थ्यांना कळतील का, ही आपल्याकडच्यांची धास्ती असते. इंग्रजी बोलण्याची चाचणी विद्यापीठं वेगळी घेतात. स्टेटमेंटमध्ये त्याबद्दल माफी मागत बसू नये. महत्त्वाची संज्ञा फळ्यावर लिहीन, एवढं पुरे.

एक प्रसंग तिने आधी गाळला होता. अमीटर पाहून झाल्यावर एका मुलाने विचारलं, ‘ताई, वीज संपतच नाही, तर सेल कशाने संपतो?’ तिला तेव्हा नीट सांगता आलं नव्हतं. विद्युतप्रवाह खर्च होत नाही, ऊर्जा खर्च होते, हा भेद तिच्याही शिकवण्यात पुसट राहिला होता. पुढच्या वेळी दोन्हींसाठी पहिल्यापासून वेगळे शब्द वापरेन, असं जोडून तिने तो प्रसंग शेवटच्या परिच्छेदात घातला.