तीन चित्रपट, दोन दिवस आणि एक हट्टी प्रश्न

शनिवार-रविवार मिळून चित्रपट बघायचे ठरले की पहिला उत्साह यादी फुगवण्यात जातो. सहा चित्रपट ठरतात, तिसऱ्यापर्यंत निम्मी मंडळी पेंगलेली असतात आणि चौथ्याला मोबाइल बाहेर येतात. त्यापेक्षा तीनच घ्यावेत, पण एकमेकांना बोलते करणारे. माझ्या मते मराठीत यासाठी सगळ्यात चोख संच डॉ. जब्बार पटेलांचा आहे : ‘सामना’, ‘सिंहासन’ आणि ‘उंबरठा’. तिन्हींची पटकथा विजय तेंडुलकरांची.

मात्र ‘जब्बार पटेलांचे चित्रपट’ हा विषय पुरत नाही. त्यात काहीही बसेल. विषय नेमका हवा, म्हणजे गप्पाही नेमक्या होतात. या तिन्हींत सत्तेच्या जागी एक माणूस येतो, तिथलं बघतो आणि नको ते विचारतो. ‘सामना’त तो दारुडा मास्तर आहे, ‘सिंहासन’मध्ये पत्रकार दिगू टिपणीस आणि ‘उंबरठा’त महिलाश्रमाची अधीक्षक झालेली सुलभा महाजन. प्रश्न विचारणाऱ्याला त्याची काय किंमत मोजावी लागते, एवढाच धागा दोन दिवस धरून ठेवायचा.

क्रम ठरवताना प्रदर्शनाचं साल बघायची सवय असते. इथे तो क्रम योग्यच ठरतो, पण कारण वेगळं आहे. ‘सामना’त निळू फुले साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील आहेत आणि डॉ. श्रीराम लागू त्यांना सतावणारे मास्तर. गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचं काय झालं, हे मास्तर विचारत राहतो. ‘सिंहासन’मध्ये (१९७९) पारडं उलटतं. लागू मुख्यमंत्र्यांची खुर्ची डळमळीत करू पाहणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे होतात आणि फुले सगळं टिपणारे दिगू. काल ज्याची भीती वाटली तोच चेहरा आज आपल्या बाजूचा असतो. हा धक्का दोन्ही चित्रपट लागोपाठ बघितले तरच बसतो, मध्ये ‘उंबरठा’ घुसवला की विरून जातो. शिवाय गावचा कारखाना आधी डोळ्यांखालून गेलेला असला की मुंबईतली खुर्ची कशाच्या जोरावर उभी आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

‘उंबरठा’ (१९८२) शेवटी ठेवायचं कारण स्मिता पाटील. ‘सामना’त त्या छोट्या भूमिकेत आहेत, इथे सगळा चित्रपट त्यांच्या खांद्यावर आहे. आधीच्या दोन कथांत सत्तेचा खेळ पुरुषांचा असतो आणि बायका कडेला असतात. ते दोन्ही पचवून ‘उंबरठा’ पाहिला की नजर आपोआप त्या कडेकडे जाते. दोन कृष्णधवल चित्रपटांनंतर येणारा रंगही डोळ्यांना सुखावतो.

आता वेळापत्रक. ‘सामना’ शनिवारी संध्याकाळी पाचला सुरू करावा, म्हणजे रात्रीचं जेवण आणि गप्पा एकत्र होतात. ‘सिंहासन’ रविवारी सकाळी दहाला, नाश्ता उरकून. त्यात पात्रांची गर्दी आहे आणि जेवणानंतरच्या गुंगीत कोण कोणाच्या गटात हे कळेनासं होतं. मी तर एका कागदावर चारच नावं लिहून टीपॉयवर ठेवतो : मुख्यमंत्री जिवाजीराव (अरुण सरनाईक), दाभाडे, कामगार नेता डिकास्टा (सतीश दुभाषी) आणि दिगू. ही चार पक्की झाली की बाकीचे आपोआप जागेवर बसतात. दुपारी जेवण आणि हक्काची वामकुक्षी, मग साडेचारला चहा घेऊन ‘उंबरठा’.

सुट्टी नेमकी कुठे घ्यायची? चित्रपटात मध्यंतर असेल तिथेच, दहा-पंधरा मिनिटं. कोणाला फोन आला म्हणून भलत्याच प्रसंगात थांबवलं तर ताण तुटतो. चित्रपट संपल्यावर मात्र लगेच चर्चेला बसू नये. वीस मिनिटं जाऊ द्यावीत, भांडी आवरावीत, पाय मोकळे करावेत. दिवे लागताक्षणी जो पहिला बोलतो त्याचंच मत सगळ्यांचं होऊन बसतं.

एक काम आठवडाभर आधी करावं लागतं : प्रत तपासणे. जुने मराठी चित्रपट बरेचदा गाणी किंवा प्रसंग कापलेल्या प्रतींत फिरतात. सुरुवातीचं सेन्सॉर प्रमाणपत्र दिसत असेल तर तिथे थांबवून मीटरमधली लांबी वाचावी. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला सुमारे २७.४ मीटर धावते. समजा प्रमाणपत्रावर ३,५०० मीटर आहे, तर चित्रपट साधारण १२८ मिनिटांचा हवा. फाइल १२३ मिनिटांची निघाली तर घाबरू नका, सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी चालवलेली प्रत चार टक्के लवकर संपते. पण ११० मिनिटांचीच असेल तर काहीतरी कापलंय. दुसरी प्रत शोधा. ‘उंबरठा’ हिंदीत ‘सुबह’ नावानेही केला होता, तेव्हा हाती मराठीच आहे ना तेही बघा.

चर्चेचे प्रश्न आधी लिहून ठेवावेत आणि प्रत्येक चित्रपटाला दोनच. ‘कसा वाटला?’ विचारलं की ‘छान’ एवढंच उत्तर येतं. प्रश्न असा हवा की उत्तरासाठी पडद्यावरचा एखादा प्रसंग आठवावा लागेल. ‘सामना’साठी मी विचारीन : हिंदुराव मास्तरला हाकलून न देता घरात का ठेवून घेतो? आणि त्याने गावासाठी केलेल्या कामांचं श्रेय त्याला द्यायचं की नाही? दुसऱ्या प्रश्नावर हमखास दोन तट पडतात, विशेषतः घरात कोणी साखरपट्ट्यातलं असेल तर. ‘सिंहासन’ बघताना प्रत्येकाने मनात नोंद ठेवावी की दिगूच्या डोळ्यांसमोर किती गोष्टी घडतात आणि किती त्याला नुसत्या कळतात. मग विचारावं : इतकं माहीत असून तो काय करू शकतो?

‘उंबरठा’वर घरोघरी तापतात ते मुद्दे ठरलेले आहेत. नवरा वाईट आहे का, तिने मुलीला सोडून जायला हवं होतं का. त्यावर एक तास सहज जातो आणि आश्रम राहूनच जातो. म्हणून माझा पहिला प्रश्न आश्रमाचा : तिथल्या बायकांबद्दलचे निर्णय कोण घेतं, आणि सुलभाच्या हातात खरोखर काय असतं? घराचा प्रश्न त्यानंतर. गिरीश कार्नाडांचा सुभाष खलनायक नाही, सुशिक्षित आणि समजूतदार वकील आहे. म्हणून तर उत्तर अवघड होतं. शेवटी तिघांना शेजारी उभं करावं. मास्तर, दिगू, सुलभा : प्रश्न विचारल्यामुळे कोणी काय गमावलं, आणि कोणाच्या प्रश्नाने काही हललं?

रविवारी रात्री उत्साह टिकला तर कोणीतरी ‘जैत रे जैत’ (१९७७) लावू या म्हणेलच. दिग्दर्शक तोच, स्मिता पाटीलही आहेत आणि चित्रपट सुरेख आहे. पण तो डोंगराचा, श्रद्धेचा आणि गाण्यांचा चित्रपट आहे, या धाग्यात त्याला जागा नाही. त्याला स्वतंत्र रविवार द्या.