सही करण्याआधी नोटीस नीट वाचा

मागच्या महिन्यात आमच्या शाळेतल्या एका मुलाचे अब्बा घरी आले. हातात कारखान्याची इंग्रजी नोटीस होती. कारखान्यात सत्तर कामगार. नोटिसीत ले-ऑफ, रिट्रेंचमेंट आणि सेव्हरन्स हे तीन शब्द एकामागून एक आले होते. शेवटी लिहिले होते की दहा दिवसांत कारखाना बंद होईल, सोबतच्या राजीनाम्यावर सही केली की 1,25,000 रुपये मिळतील. "सर, सही करू का?" त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, "भाई, आधी या शब्दांचा अर्थ लावू."

ले-ऑफ म्हणजे नोकरी जाणे नव्हे. कच्चा माल नाही, वीज नाही किंवा यंत्र बिघडले म्हणून मालक काही दिवस काम देऊ शकत नाही, पण कामगाराचे नाव हजेरीपटावर राहते. पन्नास किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या, हंगामी नसलेल्या कारखान्यात, एक वर्ष नोकरी झालेल्याला या दिवसांसाठी मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम मिळते. मात्र रोज ठरलेल्या वेळी कारखान्यात जाऊन हजेरी द्यावी लागते. "काम नाही तर कशाला जायचे" म्हणून घरी बसणाऱ्याचा हक्क बुडू शकतो. या भाईंना आधीच्या महिन्यात निम्मा पगार मिळाला होता, तो हाच.

रिट्रेंचमेंट म्हणजे कामगार कपात. कामगाराची काही चूक नसताना मालक त्याला कायमचे कमी करतो. त्यासाठी एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मिळतो, आणि शेवटचे सहा महिन्यांहून जास्त असलेले अपुरे वर्ष पूर्ण धरले जाते. कारखानाच बंद होत असेल तरी हीच नोटीस आणि हीच भरपाई लागू होते. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातला हा हिशोब 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे.

सेव्हरन्स हा मात्र फसवा शब्द. कंपनी नोकरी सुटताना देते त्या एकूण रकमेला असे म्हणतात. त्यात हक्काचे किती आणि मालकाने वरून दिलेले किती, हे त्या शब्दावरून कळत नाही. म्हणून त्या एका आकड्याची फोड मागायची.

आम्ही कागद घेऊन फोड केली. भाईंची नोकरी 11 वर्षे 8 महिने, म्हणजे हिशोबाला 12 वर्षे. पगार 15,600 रुपये, सगळा मूळ पगार आणि महागाई भत्ता. भरपाईसाठी पंधरा दिवसांचा पगार म्हणजे महिन्याचा निम्मा, 7,800. गुणिले बारा, 93,600 रुपये. ग्रॅच्युइटी वेगळी. तिथे महिना 26 दिवसांचा धरतात, म्हणून रोजचे 600, पंधरा दिवसांचे 9,000 आणि बारा वर्षांचे 1,08,000 रुपये. महिन्याची नोटीस दिली नव्हती, त्याचे 15,600. एकूण 2,17,200. कारखाना देत होता 1,25,000! थकलेला पगार आणि शिल्लक रजेचे पैसे याहून वेगळे, आणि भविष्य निर्वाह निधी तर त्यांचा स्वतःचाच.

मोठा धोका त्या राजीनाम्यात होता. स्वतःहून नोकरी सोडणे कायद्याने कपात ठरत नाही. ग्रॅच्युइटी राजीनाम्यानंतरही मिळते, पण 93,600 ची भरपाई मागायला गेल्यावर मालक तोच कागद पुढे करतो.

आणखी एक वाक्य जपून वाचावे: "टाळता न येणाऱ्या कारणाने बंद." हे मान्य झाले तर भरपाई जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या सरासरी पगाराएवढीच मिळते. पण नुसता तोटा, न खपलेला माल किंवा जागेचा करार संपणे, ही कायद्याच्या नजरेत तशी कारणे नाहीत. शिवाय पन्नासाहून अधिक कामगारांचा कारखाना बंद करायचा तर मालकाने सरकारला साठ दिवस आधी कळवायचे असते. दहा दिवसांची नोटीस पाहून हा प्रश्न विचारता येतो.

भाईंनी राजीनाम्यावर सही केली नाही. नोटीस मिळाल्याची पोच तेवढी तारीख घालून दिली. मग आम्ही मिळून मालकाला फोड मागणारे पत्र लिहिले आणि त्याची प्रत कामगार आयुक्त कार्यालयात देऊन शिक्का घेतला. सोबत नेमणूकपत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि हजेरी कार्डाच्या झेरॉक्स जोडल्या. तीन आठवड्यांनी नवा हिशोब आला. त्यात ग्रॅच्युइटी आणि भरपाई वेगवेगळ्या ओळींत होत्या. नोटिसीच्या पगारावर बोलणी अजून चालू आहेत.

घरात अशी नोटीस आली तर रकमेचा आकडा शेवटी पाहा. आधी पाहा, सही कशावर मागितली आहे.